नगराचे हित आणि प्रभूचे मेज

प्रभू येशूमध्ये प्रिय बंधु-भगिनींनो,

येत्या मंगळवारी आपल्या नगरपरिषदेचे मतदान आहे आणि आज आगमनकाळाचा पहिला रविवार आहे. आजच्या शास्त्रपाठात, यिर्मयाच्या 29व्या अध्यायात, संदेष्टा बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पत्र लिहितो. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी झटा, प्रार्थना करा, असे तो त्यांना सांगतो. ते नगर त्यांच्यासाठी परके होते, शत्रूचे होते. तरीही त्याची काळजी त्यांच्यावर सोपवली गेली. आपले गाव तर आपलेच आहे. टँकरची वाट पाहत पहाटे हंडे घेऊन उभे राहणे आणि पावसाळ्यात दफनभूमीच्या रस्त्यावर चिखलातून शवपेटी वाहून नेणे, हे विषय मंडळीबाहेरचे आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी ते हंडे आणि ती पेटी एकदा स्वतः उचलून पाहावी.

कोणाला मत द्यावे हे मी सांगणार नाही. उपासनेची जागा प्रचारासाठी वापरू नये असे आचारसंहिताही सांगते. पण ती नसती तरी मी सांगितले नसते, कारण या व्यासपीठावरून मी बोलतो तेव्हा समोरच्या बाकावरून मला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही आणि अशा जागेवरून दिलेला राजकीय सल्ला हा सल्ला राहत नाही, दडपण होतो. आदल्या रात्री येणाऱ्या पाकिटाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. ‘घेऊ त्याचे, देऊ मनाचे’ असे म्हणणारा माणूस एकाच वेळी मत विकायला काढतो आणि घेणाऱ्यालाही फसवतो.

आता मतभेदाकडे वळू. लूकाच्या 6व्या अध्यायात बारा प्रेषितांची नावे आहेत. त्यांत मत्तय आहे, जो रोमी व्यवस्थेत जकात वसूल करत होता. आणि जिलोत म्हटलेला शिमोन आहे, ज्याची ओळख परंपरेने त्या सत्तेचा कडवा विरोधक अशी सांगितली जाते. हे दोघे एकाच ताटात हात घालत होते. त्यांच्यात काय वाद झाले असतील हे शुभवर्तमानकारांनी लिहिले नाही (लिहिले असते तर वाचायला मला फार आवडले असते), पण त्या मेजावरून दोघांपैकी कोणालाही उठवले गेले नाही.

आपल्या जिल्ह्याच्या मातीतलेही उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तो लक्ष्मीबाईंना मुळीच मान्य नव्हता. काही वर्षे दोघे दूर राहिले. पुढे एका छपराखाली आले तेव्हाही त्यांनी आपला निर्णय नवऱ्याच्या शब्दावर सोडला नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावर. ज्या घरात धर्माइतक्या खोल गोष्टीवरचा मतभेद असा सोसला गेला, त्या घराचा वारसा सांगणाऱ्या आपण प्रभागाच्या जागेवरून बोलणे टाकावे, हे मला पटत नाही.

आणि आपण ते टाकले आहे. मागच्या निवडणुकीनंतर आपल्यातलेच दोन चुलतभाऊ काकूंच्या दफनाला आले, तेव्हा एकाने खांदा दिला आणि दुसरा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिला. माती देऊन सगळे बाहेर पडल्यावर तो एकटा आत गेला. मी फाटकाशीच उभा होतो आणि काही बोललो नाही, ही माझी चूक होती. पाळकाने त्या वेळी तरी गप्प बसायला नको होते.

याकोब म्हणतो की ज्या जिभेने आपण देवाचा धन्यवाद करतो, त्याच जिभेने त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो. आज त्या जिभेचे बरेचसे काम अंगठा करतो. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलेल्या दोन व्हिडिओंची नावे मी घेत नाही. पाठवणाऱ्यांना ती ठाऊक आहेत. उमेदवाराच्या कामावर टीका जरूर करा, हिशेब मागा, पण त्याच्या जातीवर, घरच्या बायकांवर आणि आजारपणावर बोलू नका. आणि पुढे पाठवण्याआधी एकदा विचारा, हेच मी त्याच्यासमोर, त्याच्या ओट्यावर बसून म्हणू शकेन का?

मंगळवारी ओळखपत्र घेऊन लवकर निघा. शेजारच्या वयस्कर बाईंना हात धरून न्या आणि वाटेत त्या कोणाला मत देणार हे विचारू नका. तेथून पुढच्या रविवारी आपण प्रभुभोजनाला याच जागी जमणार आहोत, तोवर निकाल काहीही लागलेला असो.

आता उभे राहू या. सर्व उमेदवारांसाठी, मतदान केंद्रावर रात्र काढणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी प्रार्थना करू. ज्याचे नाव घेताना तोंड कडू होते, त्या एका माणसाचे नाव प्रत्येकाने मनात घ्यावे. मी थोडा वेळ थांबतो.