वाटणी

मोठी पितळी पातेली सुधीरने आधीच ताईच्या बाजूला सरकवली होती. ताटं, वाट्या, डबे पटापट वाटून झाले. अडलं ते एका लहान लोखंडी कढईशी.

तिचा एक कान डुगडुगत होता. आतून ती एकाच बाजूने जास्त झिजली होती. आई डावखुरी, उलथनं कायम तिथेच घासायची.

"ही मला," दोघं एकदमच म्हणाले.

"तुझ्याकडे स्वयंपाकाला बाई आहे. तुला कशाला?"

"म्हणूनच."

ताई गप्प राहिली. आईला उठवणं, भरवणं, रात्र रात्र जागणं, सगळं तिनेच केलं होतं. सुधीर पैसे पाठवायचा, फोन करायचा. हा हिशेब तिने कधी काढला नव्हता. आज तो अगदी जिभेवर आला होता.

"शेवटी शेवटी आई यात काही करायची?" त्याने विचारलं.

"हात थरथरायचे तिचे. मी करायचे, ती स्टुलावर बसून आच कमी कर म्हणून ओरडायची."

"मला काहीच माहीत नाही गं यातलं."

ताईने कढई त्याच्यापुढे ठेवली.

"आधी कान ठोकून घे. भिजत टाकायची नाही, गंज चढतो. धुतली की लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा."

"म्हणजे मी नेऊ?"

"सहा महिने. मग माझी पाळी. आणि आणून द्यायला तू स्वतः यायचंस, कुरिअर चालणार नाही."