गरब्याचे पास काढण्याआधी हे वाचा: परदेशी स्कॉलरशिपचा अर्ज, वडोदऱ्यातून

स्लाइड 1
परदेशात शिकायचंय, पण पैसे?
मुदती, कागदपत्रं, निबंध. सगळं एका जागी.
(सेव्ह करा. फॅमिली ग्रुपवर टाकलंत तर काका-मावश्यांचे प्रश्नही परस्पर मिटतील.)

स्लाइड 2: आधी कॅलेंडर
मोठ्या स्कॉलरशिपच्या मुदती बऱ्याचदा नवरात्राच्या आगेमागे येतात. आपल्या गावात त्या दिवसांत रात्री दोनच्या आधी कोणी घरी येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी निबंध लिहायची कोणाची टाप नसते. म्हणून हिशेब सोपा ठेवा: गणपती बसतील तेव्हा निबंधाचा पहिला खर्डा तयार, विसर्जनापर्यंत शिफारसपत्रांची मागणी गेलेली. मग गरबा खुशाल खेळा.

स्लाइड 3: शरद ऋतूतल्या मुदती
🔸 चेव्हनिंग (ब्रिटन, एक वर्षाचं मास्टर्स): ऑगस्टमध्ये सुरू. 2025 मध्ये शेवटची तारीख 7 ऑक्टोबर होती, वेळ 12:00 UTC, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. "रात्री बारापर्यंत आहे" असं धरून बसू नका. किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. पाहा: chevening.org
🔸 कॉमनवेल्थ मास्टर्स (ब्रिटन): ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास. यात भारतीयांना दोन अर्ज करावे लागतात: एक ब्रिटनच्या कॉमनवेल्थ स्कॉलरशिप आयोगाच्या पोर्टलवर, दुसरा आपल्या शिक्षण मंत्रालयाकडे. दुसरा विसरलात तर पहिल्याचा उपयोग नाही.
🔸 एरास्मस मुंडुस, म्हणजे युरोपियन युनियनच्या स्कॉलरशिपचे मास्टर्स कोर्सेस: बहुतेकांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी. प्रत्येक कोर्सची मुदत वेगळी, अर्ज थेट कोर्सकडे. महिना 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. मुदत मध्य युरोपच्या घड्याळाने असते. हिवाळ्यात तिथले रात्रीचे 11:59 म्हणजे आपले पहाटेचे 4:29.

स्लाइड 4: पुढच्या वर्षातल्या
🔸 फुलब्राइट-नेहरू मास्टर्स (अमेरिका): साधारण मेच्या मध्यात. तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव, पदवीला किमान 55 टक्के. तीन वर्षांची बीए किंवा बीकॉम असेल तर पुढची मास्टर्स किंवा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमाही लागतो. विषयांची यादी ठरावीक आहे. त्यात वारसा जतन आणि संग्रहालयशास्त्र आहे, म्हणून फाइन आर्ट्स आणि म्युझिऑलॉजीच्या मंडळींनो, नीट बघा. usief.org.in
🔸 इनलॅक्स फाउंडेशनची स्कॉलरशिप: वय 30 च्या आत, प्रवेश आधीच हातात हवा. रक्कम 1,00,000 डॉलरपर्यंत. इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर, बिझनेस आणि मेडिकल वगळून.
🔸 जे. एन. टाटा एन्डाउमेंट: 1892 पासून चालू आहे. पण ही *कर्ज-स्कॉलरशिप* आहे. पैसे परत करायचे असतात, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.

स्लाइड 5: जर्मनी वेगळी का
बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. अपवाद बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याचा: तिथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. खर्च होतो राहण्या-खाण्याचा. म्हणून व्हिसासाठी 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था म्हणजे डाड. तिची स्कॉलरशिप मिळाली तर ते लागत नाहीत.
डाडच्या विकासविषयक मास्टर्स कोर्सेसना (ईपॉस) दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.
नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, सक्तीचं आहे. फी 18,000 रुपये, आणि हातात यायला वेळ लागतो. विद्यापीठ ठरलं नसलं तरी हे आधी सुरू करा: aps-india.de

स्लाइड 6: फॉरवर्डपासून सावध (आपल्यासाठी खास)
पुण्याच्या आत्याकडून दरवर्षी एक मेसेज येतो: "महाराष्ट्र शासन परदेशी शिष्यवृत्ती, ताबडतोब अर्ज करा!!" योजना खरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ती शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते, पण रहिवास महाराष्ट्राचा हवा. आपण घरी मराठी बोलतो, आपलं डोमिसाइल मात्र गुजरातचं. आडनाव बघून कोणी अर्ज मंजूर करत नाही.

आपल्याला चालेल ते हे:
• केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप: अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत, 60 टक्के गुण, वय 35 च्या आत. 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाजरचना यांवरचे विषय वगळले आहेत. nosmsje.gov.in
• गुजरात सरकारचं परदेशी शिक्षणासाठीचं कर्ज: 15 लाखांपर्यंत, 4 टक्के व्याजाने. प्रवर्गाप्रमाणे महामंडळ आणि उत्पन्नाची अट वेगळी. बँकेच्या दरापुढे हे फार स्वस्त आहे, तरी त्याला स्कॉलरशिप म्हणू नका.

स्लाइड 7: कागदपत्रं, भाग एक. नाव!
इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून अख्खी स्लाइड याचीच.
गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर गिव्हन नेम आणि सरनेम वेगळ्या रकान्यांत. आधारवर आणखी तिसरंच काहीतरी. त्यात एकाच "देशपांडे"चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं.
👉 अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच भरा. मार्कशीटवरचं वेगळं असेल तर "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवा.
👉 लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट सोबत.
👉 पासपोर्ट अजून काढलाच नसेल तर हे वाचणं थांबवा आणि अपॉइंटमेंट घ्या. साधी फी 1,500 रुपये.

स्लाइड 8: कागदपत्रं, भाग दोन
☑️ ट्रान्सक्रिप्ट: सगळ्या सेमिस्टरचे, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून. तीन-चार प्रती एकदमच मागा. एटीकेटी लागलेला विषय लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर तो दिसतोच.
☑️ पदवी प्रमाणपत्र. पदवीदान व्हायचं असेल तर प्रोव्हिजनल.
☑️ आयईएल्ट्स किंवा टोफेल: निकाल दोन वर्षं चालतो. चेव्हनिंगच्या अर्जाला तो लागत नाही, पण विद्यापीठ मागू शकतं.
☑️ अनुभवाचं पत्र: लेटरहेड, तारखा, हुद्दा, पूर्णवेळ की अर्धवेळ. काकांच्या दुकानात हिशेब पाहिलात? पगार खात्यात जमा झाला असेल तर तेही काम आहे.
☑️ उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीतून. तो गुजरातीत मिळतो, म्हणून इंग्रजी भाषांतर नोटरीसह.
☑️ सीव्ही दोन पानांत. युरोपसाठी युरोपास नमुना पाहून ठेवा.

स्लाइड 9: शिफारसपत्र
"सर, तुम्हीच लिहा" म्हटलं की सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." असं आणलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं, कारण निबंध आणि पत्र यांची भाषा सारखीच निघते. त्यापेक्षा सरांना एक पान द्या: त्यांच्या वर्गात काय केलं, प्रोजेक्ट कुठला, तुम्ही कुठे अर्ज करताय, मुदत कधी. बाकीचं त्यांच्यावर सोडा.
पत्र शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जाऊ द्या. साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राबद्दल शंका घेतली जाते.
हुद्द्यापेक्षा ओळख मोठी. ज्यांनी तुम्हाला दोनदाच पाहिलंय अशा डीनपेक्षा ज्यांनी तुमचा प्रोजेक्ट तपासला त्या मॅडम बऱ्या.

स्लाइड 10: निबंध. हा असा नको
(अर्ज इंग्रजीतच लिहायचा. इथले नमुने आम्ही रचलेत, मुद्दा कळावा म्हणून मराठीत.)
> "लहानपणापासूनच मला नेतृत्वाची आवड आहे. शाळेत मी मॉनिटर होते. कॉलेजात अनेक कार्यक्रमांचं यशस्वी आयोजन केलं. नेता तोच जो सर्वांना सोबत घेऊन चालतो, असं मी मानते."

यात खोटं काही नाही. पण नाव बदलून हेच चार ओळींचं बोलणं कोणीही लिहू शकतं.

स्लाइड 11: हा असा
> "2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीचा तळमजला पाण्यात गेला. तिथल्या अकरा घरांपैकी सहांत एकटे राहणारे वृद्ध होते. मी त्यांच्या औषधांची यादी केली आणि वरच्या मजल्यांवर कोणाकडे कोण राहील ते ठरवलं. दोन आजोबांनी घर सोडायला नकार दिला. त्यांना पटवायला मला जमलं नाही, त्यांच्या मुलीला फोनवर बोलवावं लागलं. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आम्ही यादी आणि फोन नंबर सोसायटीच्या ऑफिसात लावले."

बघा, "नेतृत्व" हा शब्दच नाही. निर्णय आहे, अडथळा आहे, न जमलेली गोष्ट आहे आणि नंतर काय बदललं तेही आहे. परीक्षकाला एवढंच हवं असतं: *तुम्ही* काय केलं. "आम्ही" फार झालं की तुमचा वाटा दिसेनासा होतो.

स्लाइड 12: एकच धागा
चेव्हनिंगमध्ये चार विषय विचारतात: नेतृत्व, लोकांशी संबंध जोडणं, ब्रिटनमधला अभ्यास, पुढचं करिअर. चारही निबंध एकाच माणसाचे वाटले पाहिजेत. पुराची गोष्ट सांगितलीत, तर कोर्स शहरी पाणी-व्यवस्थापनाचा असू शकतो आणि करिअर "देशाची सेवा" एवढं मोघम नसून "वडोदऱ्यासारख्या शहरात पावसाचं पाणी जिरवण्याचं नियोजन, सुरुवात महापालिकेच्या सल्लागार फर्ममधून" असं असू शकतं.
कोर्सचं नाव लिहा, त्यातला नेमका विषय लिहा, तो इथे का मिळत नाही ते लिहा. "जगप्रसिद्ध विद्यापीठ" हे शब्द गाळा. त्यांना ते ठाऊक आहे.

स्लाइड 13: परत यायचं असतं
चेव्हनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटच्या जे-1 व्हिसालाही दोन वर्षांची अट आहे. "तिकडेच सेटल व्हायचंय" हा बेत असेल तर या दोन्हींवर वेळ घालवू नका. एरास्मस मुंडुस किंवा जर्मनी बघा.
अटीची स्कॉलरशिप आपल्या गावाला नवी नाही. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड मिळायचे, आणि करारात परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानच्या नोकरीची अट होती. करार तेव्हाही सही करण्यापूर्वी वाचायचा असायचा.

कॅप्शन
आम्ही चौघं, सगळे इथल्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. फी घेत नाही, एजंट नाही. निबंध वाचून देतो, लिहून देत नाही. दर रविवारी सकाळी दहाला दांडिया बाजारात बसतो. पत्ता डीएममध्ये. खर्ड्याच्या दोन छापील प्रती आणा, एक आमच्या लाल पेनासाठी. तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी मूळ वेबसाइट उघडाच.
आणि कृपा करून पासपोर्टचा फोटो कमेंटमध्ये टाकून "हे चालेल का?" विचारू नका. गेल्या पोस्टखाली दोघांनी टाकला होता, आम्ही डिलीट केला.