१ ऑगस्टपासून दुधाचा रतीब बदलत आहे: सर्वांनी पूर्ण वाचावे

सर्व सभासद आणि भाडेकरू मंडळी, नमस्कार.

मेसेज लांबलाय, पण ग्रुपवर गेले दहा दिवस जे अर्धवट फिरतंय त्यापेक्षा एकदाच सगळं सांगितलेलं बरं.

रविवारी, २० जुलैला कमिटीची बैठक झाली. त्यात ठरल्याप्रमाणे शुक्रवार, १ ऑगस्टपासून आपल्या तिन्ही विंगमध्ये नवीन दूधवाले येतील. सध्याच्या दूधवाल्यांना जिन्याखालची जागा ३१ जुलैपर्यंतच.

सुरुवात झाली ती बी विंगमधल्या एका आजींमुळे. मे महिन्यात त्या ऑफिसात आल्या त्याच साईची वाटी घेऊन. "आठ दिवसांची साय आहे ही, बघ," म्हणाल्या. वाटीचा तळ दिसत होता. तेव्हा मी उन्हाळ्यावर ढकललं, हे कबूल करते. उन्हाळ्यात जनावरांना हिरवा चारा कमी मिळतो, दूध थोडं उतरतं, असं मीच त्यांना समजावलं. पाऊस सुरू झाला तरी साय काही जाड होईना, आणि ए विंगमधून दोन-तीन घरांचं दही पाणी सोडतंय अशी तक्रार आली. तेव्हा मात्र लक्ष घातलं.

२८ जूनला पहाटे पावणेसहाला गेटवर दूधवाल्यांच्या समोरच कॅनमधून दूध घेतलं. वॉचमनच्या डब्याचं स्टीलचं झाकण तिरकं धरून त्यावर एक थेंब सोडला. चांगल्या दुधाचा थेंब रेंगाळत खाली येतो आणि मागे पांढरी रेघ सोडतो. आपला थेंब सरळ घसरला, रेघ नावाला. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, हे तर पळतच सुटलं." तरीही एवढ्यावर कुणाला दोषी धरणं बरोबर नाही, म्हणून गाय आणि म्हैस दोन्ही नमुने बर्फात ठेवून त्याच सकाळी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले. १२ जुलैला न सांगता गाईच्या दुधाचा आणखी एक नमुना घेतला.

रिपोर्ट असे. गाईचं दूध पहिल्या वेळी फॅट ३.० आणि एसएनएफ ७.१, दुसऱ्या वेळी २.९ आणि ७.०. नियमानुसार गाईच्या दुधात फॅट किमान ३.२ आणि एसएनएफ ८.३ हवं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. म्हशीचं दूध ५.५ आणि ७.७ निघालं. पिशवीतल्या फुल क्रीम दुधालाही ६ फॅट आणि ९ एसएनएफ लागतं, त्यावरून अंदाज घ्या. नुसती मलई काढली असती तर फॅट उतरलं असतं, एसएनएफ उतरलं नसतं. इथे दोन्ही एकदम खाली आहेत. म्हणजे पाणी.

आता महत्त्वाचं. युरिया, स्टार्च, डिटर्जंट यांपैकी काहीही सापडलेलं नाही. त्यामुळे ग्रुपवर "केमिकलचं दूध", "विष पाजलं" वगैरे जे चाललंय ते कृपा करून थांबवा. बाहेरचे व्हिडिओही नकोत. रिपोर्टच्या प्रती नोटीस बोर्डावर लावल्या आहेत, वाचून मग बोला.

दूधवाल्यांशी मी आणि खजिनदार समक्ष बोललो. त्यांचं म्हणणं, माल वरूनच असा येतो. असेलही. पाणी गोठ्यावर पडलं, टेम्पोत पडलं की आपल्या जिन्याखाली, याचा शोध लावणं हे आपलं काम नाही. पहिल्या रिपोर्टनंतर त्यांना दोन आठवडे दिले होते, दुसरा नमुना आणखी उतरला, विषय तिथे संपला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये याच माणसाने एक दिवस खाडा केला नव्हता, हे मला आठवतंय आणि बैठकीत बऱ्याच जणांनी बोलूनही दाखवलं. म्हणूनच त्यांचं जुलैचं बिल पूर्ण चुकतं करा. "पाण्याचे पैसे कापून देऊ" अशी सूचना आली होती. कमिटी त्यात पडणार नाही. कॅलेंडरवरचे खाडे ५ ऑगस्टच्या आत त्यांच्याशी जुळवून घ्या.

नव्यासाठी तिघांकडे चौकशी केली. एकाने न सांगता नमुना द्यायला नकार दिला, त्यांचं नाव तिथेच कापलं. दुसऱ्यांचं दूध उत्तम, पण घरपोच द्यायला तयार नाहीत, गेटवर या म्हणतात. आपल्याकडे सत्तरीपुढची एकटी राहणारी घरं कितीतरी आहेत, तेव्हा ते जमणारं नव्हतं. तिसऱ्यांचा मुळशीकडे स्वतःचा गोठा आहे. मी आणि सी विंगचे दोन सभासद जाऊन पाहून आलो. त्यांच्या नमुन्यात गाय ३.९ आणि ८.५, म्हैस ६.६ आणि ९.१. त्यांचा नंबर वॉचमन केबिनमध्ये आणि ऑफिसात मिळेल.

दर वाढणार आहे, हे लपवत नाही. गाय ५८ वरून ६२ रुपये लिटर, म्हैस ७६ वरून ८२. रोज एक लिटर गाईचं दूध घेणाऱ्याला ऑगस्टमध्ये १२४ रुपये जास्त पडतील. दिवाळीपर्यंत दर वाढवणार नाही असं त्यांनी लिहून दिलं आहे. डिपॉझिट नाही, बिल महिनाअखेरीस. दूध सकाळी सहा ते पावणेसातमध्ये दारात येईल. पिशवी अडकवणार असाल तर झाकणाची किटली ठेवा, आपल्या मांजरांचा बंदोबस्त कमिटीच्या हातात नाही. खाडा असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत कळवायचा. श्रावणी सोमवारी किंवा नारळी पौर्णिमेला जास्त दूध हवं असेल तर दोन दिवस आधी सांगा.

हे कच्चं दूध आहे, पाश्चराइज केलेलं नाही. चांगलं उकळल्याशिवाय कुणालाही, विशेषतः लहान मुलांना, देऊ नका.

कमिटीने कुणाशी कंत्राट केलेलं नाही. दूध कुणाकडून घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पिशवीचं घ्या, जुन्यांकडूनच घ्या, गेटवर कुणालाही अडवणार नाही. फक्त जिन्याखालची कॅन ठेवायची जागा १ तारखेपासून नव्यांना दिली जाईल.

तपासणी इथेच थांबणार नाही. दर महिन्याला एकदा, दिवस न सांगता नमुना घेऊ. पाळी विंगप्रमाणे, ऑगस्टची ए विंगची. तीन नमुन्यांचा ३,५४० रुपये खर्च किरकोळ खर्चात दाखवला आहे, नव्यांच्या नमुन्याचे पैसे त्यांनीच भरले. ऑफिसात एक लॅक्टोमीटर आणून ठेवला आहे, सही करून घरी नेता येईल. फ्रीजमधलं गार दूध लगेच मोजू नका, आकडा उगाच वाढीव येतो. शिवाय पाणी घालून वर दुधाची पावडर टाकली तर लॅक्टोमीटर गप्प बसतो, तेव्हा त्याचा आकडा बरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका आणि कमी आला म्हणून लगेच ग्रुपवर फोटो टाकू नका. आधी मला फोन करा.

नवा रतीब लावायचा असेल त्यांनी सोमवार, २८ जुलैच्या संध्याकाळी सातपर्यंत केबिनमधल्या वहीत फ्लॅट नंबर, गाय की म्हैस, आणि किती लिटर एवढं लिहावं. ग्रुपवर "आमचं पण एक लिटर" असं लिहिलेलं धरलं जाणार नाही. गेल्या वेळी पाण्याच्या टँकरच्या यादीत काय गोंधळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. ज्यांना खाली येणं जमत नाही त्यांनी इंटरकॉमवर सांगा, वॉचमनकाका लिहून घेतील.

आपली,
सचिव (कमिटीच्या वतीने)
२१ जुलै २०२५, कोथरूड