आई, व्हिडिओ कॉल असा लाव

आई, जेवलीस काय? वहिनी कामावर गेली की दुपारी सोप्यात चष्मा लावून निवांत बस आणि मग हे वाच. मेसेज मोठा आहे. मध्येच तुटल्यासारखा दिसला तर शेवटच्या रंगीत अक्षरांवर बोट टेकव, पुढचं उघडतं.

परवा तू म्हणालीस, "तुला सवड झाली की तूच लाव, मला ते जमत नाही." हे मला पटलं नाही. बाबांच्या मागं रोप लावण्यापासून मळणीपर्यंत सगळं शेत तू उभं राहून करून घेतलंस, हे तर चार बोटांचं काम आहे. आणि तुला जेव्हा बोलावंसं वाटतं तेव्हाच बोलायला मिळावं, माझ्या सवडीची वाट बघत बसायला लागू नये, म्हणून हे सगळं लिहालेय.

आधी नेट चालू आहे काय बघ. फोनच्या अगदी वरच्या कडेवर बोट ठेवून खाली ओढ, परदा ओढल्यासारखं. बारकी चित्रं दिसतील. त्यात एक बाण वर आणि एक बाण खाली असं चित्र आहे, ते रंगीत असलं म्हणजे नेट चालू. फिकट असलं तर एकदा दाब. विमानाचं चित्र मात्र रंगीत असता कामा नये. तसं असलं तर त्यावर एकदा बोट लाव, नाहीतर साधा फोनसुद्धा लागायचा नाही. माजघरात बसू नको, त्या मातीच्या भिंतीत रेंज येत नाही. सोप्यात नाहीतर अंगणात ये.

आता हिरव्या रंगाचं, आत पांढरा फोन असलेलं व्हॉट्सॲपचं चित्र दाब. नावांची यादी येते. माझं नाव सगळ्यात वर अडकवून ठेवलंय, चिनूला कडेवर घेतलेला माझा फोटो आहे बघ, तेच. फोटोवर नको, नावावर बोट लाव. फोटोवर लागलं तर नुसता फोटोच मोठा होतो. तसं झालं तर मागं ये आणि परत नावावर लाव. खालीच आपला घरचा ग्रुप आहे. तिथनं कॉल लावू नकोस, दादा, मामा, मावशी सगळ्यांचे फोन एकदम वाजतात.

नाव दाबलंस की आपलं बोलणं दिसतं, आत्ता हा मेसेज वाचालीस तेच पान. या पानावर सगळ्यात वर उजव्या हाताला दोन चित्रं आहेत. एक साध्या फोनचं, त्यानं नुसता आवाज येतो. दुसरं कॅमेऱ्याचं, चौकोन आणि त्याला बाजूला नाकासारखं टोक. ते कॅमेऱ्याचं दाब. कधी कधी मध्येच एक चौकट येऊन "कॉल करायचा काय?" असं विचारते, तिथं हो म्हणायचं. पहिल्या वेळी कॅमेरा आणि माईक वापरू काय, असंही विचारेल. तीन ओळी येतात, त्यातली सगळ्यात वरची दाब. नको म्हटलंस तर मला तू दिसणार नाहीस, किंवा तुझा आवाज यायचा नाही. अक्षरं कन्नडमध्ये असू देत नाहीतर इंग्रजीत, तुला वाचायची गरजच नाही. चित्रं तीच, जागा त्याच.

एवढं केलंस की लागला कॉल. रिंग ऐकू येईल आणि पडद्यावर तुझाच चेहरा दिसेल. मी उचलला की मी मोठी दिसते आणि तू कोपऱ्यात बारीक. वाजून वाजून बंद झाला तर मी मीटिंगमध्ये असेन नाहीतर गाडीवर. परत परत लावू नको, काळजीही करू नको. तुझा कॉल येऊन गेला हे मला दिसतं, मी लावते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोन कानाला लावायचा नाही! तू सवयीनं कानाला लावतेस आणि आम्हाला तुझा कान आणि केस दिसतात. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज आपोआप मोठा येतो. आरसा धरतात तसा फोन तोंडासमोर हातभर लांब धर. हात दुखत असला तर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेव. वरच्या कडेला कॅमेऱ्याचं बारकं भोक आहे, त्यावर अंगठा येऊ देऊ नको. आणि दाराकडे पाठ करून बसू नको, मागनं उजेड आला की तोंड काळं दिसतं. दाराकडे तोंड करून बस, मग तुझा चेहरा स्वच्छ दिसतो. मला तोच बघायचा असतो.

बोलताना पडद्यावर एकदा बोट टेकवलंस की चित्रं येतात. माईकवर आडवी रेघ दिसली तर तुझा आवाज बंद आहे, त्यावर दाबलं की रेघ जाते. गोल फिरणारे बाण असलेलं कॅमेऱ्याचं चित्र दाबलं की मागचा कॅमेरा चालू होतो. मग फोन परड्याकडे कर, आम्हाला तुझी जास्वंद दिसेल, ढग नसले तर राजहंसगडही दिसेल. चिनूला येळ्ळूरचं भात कसं डोलतं ते दाखव, तो रोज विचारतो. परत तेच बाण दाबले की तू दिसतेस. बोलणं झालं की लाल गोल दाबायचा. तो न दाबताच फोन ठेवलास तर कॉल चालूच राहतो आणि दिवसाचं नेट संपतं.

काही चुकलं, भलतंच पान उघडलं, तर खालचा मधला गोल दाब. सुरुवातीला येतेस. चुकीचं दाबलं म्हणून फोन बिघडत नाही, हे मनात पक्कं धर.

एक गोष्ट मात्र मी कडकपणे सांगते. अनोळखी नंबरवरनं व्हिडिओ कॉल आला तर उचलायचाच नाही. पोलिसाचा ड्रेस घालून कोणी म्हणालं, तुमच्या नावावर केस आहे, घरातनं हलू नका, पैसे पाठवा, तर ते चोर आहेत. पोलीस कुणाला फोनवर अटक करत नाहीत. लाल गोल दाबून बंद कर आणि दादाला सांग. मेसेजमध्ये आलेला आकडा कुणी मागितला तर बँकेचा माणूस म्हणाला तरी द्यायचा नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करायचा, हा नंबर दादाच्या फोनमध्ये घालून ठेवलाय. घाबरून गप्प बसायचं नाही, मी तुला रागवणार नाही.

शेजारच्या पोरीला सांगून हे सगळं मोठ्या अक्षरात वहीत उतरवून घे. व्हॉट्सॲप, माझं नाव, वरचा कॅमेरा, शेवटी लाल गोल, एवढं पहिल्या पानावर लिही आणि वही फोनपाशीच ठेव.

मी सात वाजता घरी येते. आज मी लावणार नाही, तू लाव. दिवाबत्ती झाली की लावलंस तरी चालेल, चिनू साडेआठपर्यंत जागा असतो. गुडघ्याला तेल लावलंस काय तेही तेव्हाच सांग.

तुझी सुजा