केस : मार्चअखेरची बिलं

रत्नागिरीजवळची आंब्याचा पल्प डबाबंद करणारी एक खासगी कंपनी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताळमेळ घालताना तिथल्या अकाउंटंटला दिसलं, की हिशेबात वर्षाची विक्री ६.८० कोटी आहे, जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे जीएसटी खात्याला दिलेल्या विक्रीच्या विवरणात, मात्र ५.१० कोटी. फरकाची सगळी बिलं २९ ते ३१ मार्चची. ना ई-वे बिल, ना गेटपास. अकाउंटंट स्वतः गोदामात गेली. विकलेले म्हणून दाखवलेले डबे थप्पीलाच होते, वरच्या पुठ्ठ्यावर धूळ.

मालकांना सगळे भाऊ म्हणतात. ते म्हणाले, "अगं, मे महिन्यात तेवढा माल जाणारच आहे. कॅश क्रेडिट वाढवायला बँकेला आकडा दाखवावा लागतो." तिच्या वडिलांच्या ऑपरेशनला याच भाऊंनी पैसे दिले होते. आता तिने गप्प राहावं, की बोलावं?

परिणामांच्या अंगाने बघणारे आधी कामगार बायकांची मजुरी मोजतात आणि गप्प राहण्याकडे झुकतात. पण या हिशेबात बागायतदार राहून जातो. तो उधारीवर आंबा घालतो आणि पैशांसाठी गणपतीपर्यंत थांबतो. फुगवलेल्या कर्जाखाली कंपनी बसली, तर बँकेकडे तारण असतं, त्याच्याकडे काहीच नसतं. शिवाय 'मे महिन्यात जाईलच' हा भरवसा धोक्याचा आहे. सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २००९ च्या पत्रात हेच कबूल केलं होतं : सुरुवातीची किरकोळ तफावत वर्षागणिक आवरेनाशी झाली.

कांटच्या कसोटीला फार वेळ लागत नाही. बँकेला येणेकऱ्यांची यादी सगळेच अशी फुगवून देऊ लागले, तर कुठलीच बँक ती वाचणार नाही.

अवघड आहे ते उपकाराचं. ते ऋण खरं आहे, हलकं लेखू नये. पण ते तिचं आहे. तिने ते बागायतदाराच्या पैशातून का फेडावं? ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि अविचार यांच्या मधलं असतं. म्हणून थेट बँकेत धाव घेणंही मला आज पटत नाही. चूक सुधारायची संधी भाऊंना अजून आहे.

कायद्याचा आधार तोकडा आहे. २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा सरकारी कारभारापुरता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मधली तक्रार यंत्रणा एवढ्या लहान खासगी कंपनीला सक्तीची नाही. उरतो वैधानिक लेखापरीक्षक. आणि ती पायरी सौम्य नाही : फसवणूक १ कोटी किंवा जास्त रकमेची असेल, तर कलम १४३(१२) प्रमाणे त्याला केंद्र सरकारला कळवावं लागतं.

माझं मत : तिने बिलांच्या आणि जीएसटीआर-१ च्या प्रती जपून ठेवाव्यात. भाऊंना लेखी द्यावं, की नोंदी उलटवल्याशिवाय मी बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट तयार करणार नाही, सहीही करणार नाही. बँकेत आकडे जायच्या आदल्या दिवसापर्यंत वाट पाहावी. तोवर नोंदी तशाच राहिल्या, तर फाइल घेऊन लेखापरीक्षकाकडे जावं, आणि जाण्याआधी ते भाऊंना समोर बसून सांगावं.