मेंटेनन्सच्या नव्या वेबसाइटवर अजून पैसे भरू नका

सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्रीपासून फिरणारी नव्या वेबसाइटची लिंक कमिटीने पाठवलेली नाही. नवे पोर्टल घ्यायचे ठरले आहे, हे खरे. पण त्याचा पत्ता सही-शिक्क्याच्या सर्क्युलरने दोन्ही विंगच्या नोटीस बोर्डावर लागेल. तो ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा. फॉरवर्ड झालेली लिंक किंवा क्यूआर कोड वापरू नका.

पत्ता अक्षरन् अक्षर ताडून पाहा: एखादे जादा अक्षर, मधली आडवी रेघ, `.in` ऐवजी `.co`. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे साइट खरी, असे नाही. खोट्या साइटलाही ते सहज मिळते.

सर्वांत महत्त्वाचे, यूपीआय पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारे नाव वाचा. मेंटेनन्स बिलावर छापलेलेच सोसायटीचे नाव हवे. एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर तिथेच थांबा. 'रिफंड'साठी पिन कधीच लागत नाही. कुणी ओटीपी मागितला किंवा ॲप टाकायला सांगितले तर फोन ठेवा.

तोपर्यंत चेक किंवा जुन्या खात्यावर एनईएफटी चालेल. १५ तारखेपर्यंत व्याज लागणार नाही.

कुणी त्या फिरणाऱ्या लिंकवर पैसे भरले असतील तर आत्ताच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 वर कळवा, मग ऑफिसमध्ये या. ज्येष्ठांना कृपया शेजाऱ्यांनी हे वाचून दाखवावे.

— सचिव