विषय: काल ४१२ ग्राहकांना चुकून थकबाकीचा ईमेल गेला – परिणाम आणि दुरुस्ती

नमस्कार मंडळी,

काल संध्याकाळी ६ वाजता थकबाकीचा ईमेल मी चुकीच्या यादीवर पाठवला. शीटमधल्या ‘बाकी’ कॉलमला फिल्टर लावायचा माझ्याकडून राहिला. त्यामुळे बिल भरलेल्या ४१२ ग्राहकांनाही ‘आपले बिल थकले आहे, ७ दिवसांत भरावे’ असा मजकूर गेला. चूक माझी आहे.

आज सकाळपर्यंत सपोर्टकडे ३७ तक्रारी आल्या. ९ ग्राहकांनी तर आपल्यावर विश्वास ठेवून दुसऱ्यांदा पैसे भरले, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची आहे. त्या नऊही जणांशी मी स्वतः फोनवर बोललो. परतावा आजच निघतोय, अकाउंट्सने तसं कळवलंय. बाकी ४०३ जणांना सकाळी १०:३० वाजता दुरुस्तीचा ईमेल गेला आहे. खात्यांच्या नोंदी तपासल्या, त्यांत काही बदललेलं नाही. कोणाची सेवाही बंद झालेली नाही.

सपोर्टच्या सहकाऱ्यांनो, फोन आला तर एवढंच सांगा: “तो ईमेल आमच्या चुकीने आला, तुमचं बिल भरलेलं आहे.” कोणी दोनदा पैसे भरल्याचं म्हणालं, तर कॉल थेट माझ्याकडे द्या.

यापुढे यादी शीटमधून हाताने काढणार नाही, बिलिंग सिस्टीममधूनच घेऊ. पाठवण्याआधी दुसरी व्यक्ती आकडा तपासेल. काल खरी थकबाकी असलेल्या ६० ग्राहकांच्या जागी यादीत ४७२ दिसले असते, तर तिथेच थांबलो असतो.

सकाळपासून फोन सांभाळणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. परतावे जमा झाले की याच ईमेलवर कळवतो.

– बिलिंग समन्वयक